इंचाला फूट: घरच्या फोटोवरून फ्लेक्ससाठी सपाट कार्टून कसं काढायचं

माझ्या मावसबहिणीच्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. कळंब्याजवळच्या हॉलमध्ये स्टेजच्या मागे लावायला १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स हवा होता आणि त्यावर आख्ख्या घराचं कार्टून. बहिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. अंगणात दोन खुर्च्या, त्यांवर आजोबा आणि आजी, मागे मुलगा आणि सून उभे, कडेला दहा वर्षांची नात, आणि आजोबांच्या मांडीवर चार वर्षांचा नातू. वर कपडे वाळत घातलेली दोरी. "एवढ्यावर होतंय की," असं तिचं म्हणणं.

होतं. पण फोटो तसाच मोठा करून होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लांबीला साधारण सोळाशे ठिपक्यांचा उरतो. दहा फूट म्हणजे १२० इंच, म्हणजे एका इंचाला तेरा ठिपके. आजोबांचा चेहरा फ्लेक्सवर फूटभर उंच येणार आणि त्यासाठी आपल्याकडे जेमतेम दीडशे ठिपके. व्हेक्टर चित्रात ठिपके नसतातच. त्यात वळणांचं गणित साठवलेलं असतं, त्यामुळे ते पोस्टकार्डाएवढं छापा नाहीतर घराएवढं, कड तशीच स्वच्छ राहते. पूर्वी पेठेतले पेंटर लहान चित्रावर चौकोन आखून तेच चौकोन भिंतीवर मोठे करायचे. आपण तेच करणार आहोत, फक्त चौकोन कॉम्प्युटर सांभाळतो.

खाली सगळं इंकस्केप या व्हेक्टर चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सांगते, कारण ते फुकट आहे. फ्लेक्सच्या दुकानात बहुतेक ठिकाणी कोरलड्रॉ असतं, आणि ती गाठ कशी सोडवायची तेही शेवटी येईल. पहिल्यांदाच करत असाल तर सहा माणसांना तीन-चार संध्याकाळी धरा.

पान: एक इंच म्हणजे एक फूट

File > Document Properties उघडा, एकक in ठेवा, रुंदी १० आणि उंची ८. झालं. दहा फुटांच्या फ्लेक्ससाठी दहा इंचांचं पान. खरं माप घातलं तरी इंकस्केप तक्रार करत नाही, पण मोठ्या मापाच्या पीडीएफला पुढे अडचणी येतात. अ‍ॅक्रोबॅटमध्ये नेहमीच्या पीडीएफ पानाची मर्यादा २०० इंचांची आहे, म्हणजे वीस फुटांचा फ्लेक्स तिथेच अडकतो. पण मला हे प्रमाण आवडायचं खरं कारण वेगळं आहे. सगळंच बारा पटींत असल्यामुळे पाहण्याचं अंतरही बारा पटींत जातं. हे दहा इंचांचं पान ए-फोर कागदावर छापून अडीच फुटांवरून पाहिलं, की तीस फुटांवरच्या शेवटच्या रांगेतून फ्लेक्स जसा दिसेल तसंच दिसतं. डोळ्याला कोन तोच पडतो. म्हणजे पैसे घालण्याआधी रंगीत झेरॉक्सच्या दुकानात दहा-वीस रुपयांत फ्लेक्सची परीक्षा होते. कुठली रेघ दिसेल, कुठली वाया जाईल, हा प्रश्न पडला की मी याच कागदाकडे जाते.

पानाच्या चारही बाजूंनी पाव इंच जागा मोकळी सोडा. म्हणजे फ्लेक्सवर तीन इंच. मंडपवाला फ्लेक्स लाकडी चौकटीवर ताणून मागे दुमडतो आणि खिळे मारतो, त्यात नातीचा हात गेला तर कुणाला विचारणार? त्या पट्टीत फक्त पाठीमागचा रंग जाऊ द्यायचा, आकृती आणि अक्षरं नाहीत.

फोटो घेताना

मूळ फोटो मागा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दाबला जात नाही. छपाईला फोटो जाणार नाही हे खरं, पण डोळ्याची खाच कुठे आहे हे तुम्हालाच दिसलं नाही तर काढणार काय? आमच्या फोटोत दुपारचं ऊन डावीकडून होतं, त्यामुळे सगळ्यांचे डोळे बारीक आणि सुनेचा अर्धा चेहरा काळपट. मी प्रत्येकाचा एक-एक वेगळा फोटोही मागवला, घरातला, सावलीतला. बसण्याची जागा आणि अंगाचा आकार मोठ्या फोटोवरून, चेहरा सुट्या फोटोवरून. फक्त मान साधारण त्याच बाजूला वळलेली असलेला फोटो निवडा, नाहीतर डोकं धडावर चिकटवल्यासारखं दिसतं.

File > Import करून फोटो आत घ्या आणि विचारेल तेव्हा Embed निवडा, म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर नेली तरी फोटो हरवत नाही. Ctrl+Shift+L दाबून लेयरची खिडकी उघडा. फोटोचा लेयर सगळ्यात खाली, त्याची अपारदर्शकता निम्म्यावर आणून त्याला कुलूप घाला. त्यावर तीन लेयर: मागचं, माणसं, अक्षरं. जास्त लेयर केले की सुरुवातीला आपण भलत्याच लेयरवर काढत बसतो.

आपोआप ट्रेस का नको

Path > Trace Bitmap नावाची सोय दिसेल आणि मोह होईल. एकदा करून बघा, म्हणजे मन शांत होईल. कॉम्प्युटरला नाक कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो. सुनेच्या चेहऱ्यावरची सावली आणि मागच्या भिंतीची सावली एकाच रंगाची होती, म्हणून त्यानं दोन्ही मिळून एकच डाग केला आणि तिचा गाल भिंतीत गेला. मग Ctrl+5 दाबून फक्त काड्यांचं चित्र पाहा. केसांच्या जागी लोकरीचा गुंता दिसेल, हजारो बिंदूंचा. असला चेहरा दहा फुटी फ्लेक्सवर गेला की प्रत्येक खडबडीत कड बोटभर मोठी होते आणि माणूस भाजल्यासारखा दिसतो. हाताने काढलेल्या चेहऱ्याला मिळून पन्नास-साठ बिंदू पुरतात. काड्यांच्या चित्रात चेहरा ओळखू आला तर काम नीट चाललं आहे असं समजा.

रंग आधी, रेघा नंतर

काढायला बसण्याआधी पानाबाहेर रंगांचे छोटे चौकोन करून ठेवा आणि शेवटपर्यंत त्यांतूनच रंग उचला. आमच्या चित्राला चौदा रंग लागले: त्वचेचे तीन आणि त्या प्रत्येकाची सावली असे सहा, केसांचा एक, पांढऱ्या केसांचा एक, आणि बाकी कपडे, फेटा, मागची भिंत. सपाट चित्र सपाट दिसतं ते रंग कमी असल्यामुळे. आजींच्या लुगड्याचा हिरवा आणि नातीच्या परकराचा हिरवा एकच ठेवला की चित्र आपोआप बांधलं जातं.

त्वचेचा रंग ड्रॉपरने घेता येतो. D दाबा आणि गालावर नुसतं टिचकी मारू नका, दाबून थोडं ओढा. ओढलेल्या गोलातल्या सगळ्या ठिपक्यांची सरासरी येते. एकाच ठिपक्यावर टिचकी मारली तर तीळ किंवा चमक हातात येते. आजोबांच्या गालाचा रंग मला `#B0744C` च्या आसपास मिळाला. त्याची सावली करताना काळा मिसळू नका, त्वचा मळकी दिसते. रंग थोडा गडद करून लालसर बाजूला सरकवा, जसा `#8C5236`. उन्हातल्या माणसाच्या मानेखाली अशीच तांबूस सावली पडते.

इथे एक फोन येतोच: "जरा उजळ घे ना गं." सुनेचा सावळा रंग दोन पायऱ्या वर नेला तर ती तिच्या नणंदेसारखी दिसायला लागते, एवढंच मी सांगते. सहा माणसांचे रंग एकमेकांशी खरे ठेवले की ओळख निम्मी तिथेच पटते.

पडद्यावरचे सगळे रंग फ्लेक्सवर उतरत नाहीत. झगझगीत पोपटी विझतो आणि गडद निळा बऱ्याचदा जांभळट येतो. निळा हवाच असेल तर तो आधीच थोडा हिरव्याकडे झुकवून ठेवा. केसांना ठार काळा देऊ नका. `#2B2320` सारखा गडद तपकिरी घेतला की चष्म्याची काळी चौकट केसांपासून वेगळी दिसते.

माणसं मागून पुढे

आधी मागची दोघं, मग खुर्च्या, मग आजी-आजोबा, सगळ्यात पुढे मांडीवरचा नातू. B दाबून पेन घ्या. टिचकी मारली की कोपरा, टिचकी मारून ओढलं की वळण. नवशिक्या हाताची खोड अशी की तो दर अर्ध्या सेंटिमीटरला टिचकी मारत कडेकडेने चालतो. तसं केलं की खांदा करवतीसारखा दिसतो. बिंदू फक्त तिथे ठेवा जिथे वळण दिशा बदलतं: खांद्याचं टोक, कोपर, मनगट. मधलं वळण बिंदूच्या दांड्या ओढून बसवा. N दाबून नंतर कितीही दुरुस्ती करता येते, बिंदू गुळगुळीत करायला Shift+S आणि टोकदार करायला Shift+C.

आता एक गोष्ट सुरुवातीपासून लावून घ्या: दोन रंग जिथे भेटतात तिथे कडेला कड जुळवायची नाही. मागचा आकार पुढच्याच्या खाली चांगला दोन-तीन मिलिमीटर जाऊ द्यायचा. मान सदऱ्याच्या आत जाते, सदरा हाताखाली जातो, कपाळ फेट्याखाली जातं. कडा तंतोतंत जुळवल्या तर पडद्यावर ठीक दिसतं, पण छपाईसाठी चित्राचे ठिपके बनवताना दोन्ही आकारांच्या मधून मागचा रंग झिरपतो आणि केसासारखी फिकट रेघ उमटते. ती दिसली की लोक म्हणतात मशीन खराब. मशीन बिचारं बरोबर असतं.

आजोबांचा चेहरा

एकच चेहरा सावकाश सांगते, बाकीचे तसेच.

आधी चेहऱ्याचा बाहेरचा आकार. आमच्या पानावर तो एक इंच उंच होता, म्हणजे फ्लेक्सवर एक फूट. आठ बिंदू पुरले: दोन कानांपाशी, दोन गालांच्या हाडांवर, दोन जबड्याच्या कोपऱ्यांवर, एक हनुवटीला आणि एक वर फेट्याच्या आत लपलेला. म्हातारपणी गाल आत जातात, म्हणून गालाच्या हाडापासून जबड्यापर्यंतची रेघ थोडी आत दाबली. फक्त तेवढ्यानं वय दिसलं. माणूस ओळखू येतो तो बराचसा या बाहेरच्या आकारावरून आणि डोक्यावर जे असेल त्यावरून, डोळ्यांवरून नाही. लग्नाच्या गर्दीत पाठमोरा काका आपण कसा ओळखतो ते आठवा.

मग कान. आजोबांच्या कानाच्या पाळ्या लांब आहेत, आणि त्या मी फोटोतल्यापेक्षा किंचित जास्तच लांब घेतल्या. प्रत्येक चेहऱ्यात एकच गोष्ट अशी थोडी वाढवायची. दोन वाढवल्या की व्यंगचित्र होतं आणि समारंभात कुणाचा तरी मानपान दुखावतो.

फेटा म्हणजे नवशिक्याचं मरण, कारण फोटोत चाळीस घड्या दिसतात. चाळीस काढू नका. फेट्याचा बाहेरचा पूर्ण आकार एका रंगात काढा, त्यावर गडद रंगाचे चार निमुळते पट्टे कपाळाच्या एका बाजूवरून वर दुसऱ्या बाजूला जाणारे, आणि वर तुरा. पट्टे बाहेरच्या कडेपर्यंत नेले की कडेला किंचित खाच द्या. त्या खाचेनंच कापड गुंडाळल्याचा भास होतो.

डोळे. फोटोत आजोबा उन्हामुळे डोळे बारीक करून पाहत होते. सगळ्यांना सवय असते डोळा म्हटलं की बदाम, त्यात पांढरं, त्यात गोल बुबुळ. तसा काढला आणि आजोबा दचकल्यासारखे दिसायला लागले. पांढरा भाग काढून टाकला. वरच्या पापणीची एक जाड कमान, तिच्याखाली अर्धं लपलेलं काळं बुबुळ, बास. पांढरा भाग फक्त नातवाला ठेवला, कारण लहान मुलांचे डोळे चेहऱ्याच्या मानानं मोठेच असतात. तोही दुधी रंगाचा, शुभ्र नाही.

नाकाला रेघ लावू नका. नाकाच्या खाली सावलीचा एक छोटा आकार आणि एका बाजूनं उतरणारा एक निमुळता पट्टा, एवढ्यात नाक उभं राहतं. दात दिसत असतील तर सगळे दात मिळून एकच पांढरा आकार. दातांच्या मध्ये रेघा मारल्या की हसू कवटीचं होतं, हा नियम मी कधी मोडत नाही. आजोबांच्या मिशा भरघोस, त्यामुळे तोंडाचा प्रश्नच मिटला: मिशीचा पांढरा आकार आणि खाली खालच्या ओठाची एक छोटी सावली.

सुरकुत्यांचा हिशेब सोपा आहे, प्रत्येक रेघ पाच वर्षं वाढवते. नाकापासून मिशीकडे जाणाऱ्या दोन आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात एक-एक, एवढ्याच ठेवल्या. आजींना तर फक्त दोन. गालावरच्या खळीची रेघ ठेवली, कारण ती सुरकुती नव्हे.

सावली करायची रीत अशी. चेहऱ्याचा आकार निवडून Ctrl+D दाबा, त्याची प्रत होते. ज्या बाजूला सावली हवी तिथे पेननं एक ओबडधोबड आकार काढा, बाहेर गेला तरी चालतो. तो आणि प्रत दोन्ही निवडून Path > Intersection. चेहऱ्याच्या कडेला अचूक बसलेली सावली मिळते, तिला सावलीचा रंग द्या. उजेडाची बाजू एकच धरा. आमच्या फोटोत ऊन डावीकडून होतं, म्हणून सहाही माणसांची सावली उजवीकडे. सुट्या फोटोंत उजेड भलतीकडून असतो, तिकडे पाहायचंच नाही. चेहऱ्याची उजवी कड, हनुवटीखालची मान आणि फेट्याखालचं कपाळ, या तीन जागा सोडून कुठेही सावली नको.

चेहरा झाला की फोटोचा लेयर बंद करा. फोटो खाली असतो तोवर आपला डोळा आपल्याला फसवतो, कारण तो रेघा नाही, फोटोच बघत असतो. मग सगळा चेहरा निवडून H दाबा, तो आरशातल्यासारखा उलटतो. एक डोळा वर गेलेला असेल, जबडा तिरका असेल, तर उलट्या चेहऱ्यात लगेच खुपतं. दुरुस्त करून परत H. आणि मग घरातल्या कुणाला तरी काही न सांगता तो एकटा चेहरा दाखवा. बहिणीच्या नवऱ्यानं पाहून "आप्पा" म्हटलं तेव्हा मी पुढे गेले. सुनेच्या चेहऱ्याला मात्र तो "कोण ही?" म्हणाला, आणि चूक भुवयांत निघाली. तिच्या भुवया डोळ्यांच्या अगदी जवळ आहेत, मी त्या देखण्या करून वर ठेवल्या होत्या.

कपडे, दागिने आणि रेघांची जाडी

नऊवारीचा काठ म्हणजे एक रुंद पट्टा आणि त्याच्या दोन्ही कडांना एक-एक बारीक पट्टी. काठावरची वेलबुट्टी काढायची नाही. आजींच्या गळ्यात कोल्हापुरी साज होता आणि बहिणीचा आग्रह, तो दिसलाच पाहिजे. मी आधी प्रत्येक पान वेगळं काढलं, मनापासून. ए-फोर कागद अडीच फुटांवर धरला तर गळ्याला पिवळा पुरळ आल्यासारखं दिसत होतं. शेवटी एक सोनेरी कमान, खाली मोजून सात मोठे थेंब आणि मधोमध पदक. आता तो साज दिसतो. कुंकू मात्र फोटोतल्यापेक्षा दीडपट मोठं केलं.

बारीक गोष्टी किती बारीक असाव्यात याला साधा आधार आहे. चांगल्या नजरेला वीस फुटांवरून साधारण पावणेदोन मिलिमीटरपर्यंतचाच तपशील वेगळा ओळखता येतो. तेवढ्याच काठावर राहायचं नाही, म्हणून फ्लेक्सवर कुठलीही रेघ निदान पाच मिलिमीटर धरा. आपल्या पानावर ती ०.४ मिलिमीटर होते. चष्म्याची चौकट, पापणीची कमान, मंगळसूत्र, सगळ्याला हीच किमान जाडी.

रेघांचा एक दगाफटका आहे. तुम्ही ०.४ मिलिमीटरची रेघ दिली, दुकानात चित्र बारा पट मोठं केलं, पण त्यांच्या कोरलमध्ये त्या रेघेला चित्राबरोबर जाड होण्याची खूण केलेली नसेल तर ती ०.४ चीच राहते. चेहरा फूटभर आणि चष्म्याची चौकट दोऱ्याएवढी. म्हणून काम संपल्यावर फाइलची एक प्रत करा, त्या प्रतीत सगळ्या रेघा निवडा आणि Path > Stroke to Path करा. रेघ आता रेघ उरत नाही, भरलेला आकार होते, आणि आकार मोठा होतोच. मूळ फाइल तशीच ठेवा, कारण आकार झालेली रेघ नंतर जाड-बारीक करणं जिवावर येतं.

मागचं दृश्य मी जवळजवळ सगळं टाकलं. दोरी गेली, वाळत घातलेले कपडे गेले. एक फिकट पिवळी भिंत, एका कडेला तुळशी वृंदावन, खाली अंगणाचा पट्टा. भिंतीचा रंग सगळ्या त्वचांपेक्षा स्पष्ट फिकट हवा, नाहीतर चेहरे भिंतीत बुडतात. तपासायला डोळे बारीक करून पडद्याकडे पाहा. सहा डोकी वेगवेगळी दिसली पाहिजेत.

अक्षरं

मुक्ता किंवा बालू हे ‘एक टाइप’ या संस्थेचे फाँट मोफत मिळतात आणि दुरून चांगले वाचता येतात. अक्षरं लिहून झाली, घरच्यांनी वाचून झाली, की Path > Object to Path करून त्यांचे आकार करा. दुकानदार ज्याला "कर्व्ह करून आणा" म्हणतो ते हेच. तसंच नेलं आणि दुकानातल्या मशीनवर तो फाँट नसला, तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या शेजारच्या घरी जातात. एकदा आकार केला की शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून आधीच सांगते: शब्द सहस्र आहे, सहस्त्र नाही. दर तिसऱ्या फ्लेक्सवर तो त बसलेला असतो.

दुकानात

File > Save a Copy मधून पीडीएफ करा. फोटोचा लेयर त्या प्रतीतून पुसूनच टाका, नुसता लपवू नका. पीडीएफ दुसऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर उघडून पाहा. एखादा आकार गायब असेल तर तो इथेच कळतो.

आता माझ्याकडून झालेली चूक. पहिल्या कामाच्या वेळी मी पीडीएफ दिली, "इंचाला फूट" एवढं सांगितलं आणि घरी आले. ऑपरेटरनं फाइल दहा इंचांवरच ठेवून ३०० डीपीआयची, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांची, जेपीजी केली आणि छापताना ती बारा पट ताणली. तीन हजार ठिपके दहा फुटांवर पसरले, म्हणजे इंचाला पंचवीस. एवढं व्हेक्टर काढून पुन्हा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या कडा. दोष त्याचा नव्हता, ३०० म्हणजे चांगलं असंच तो रोज ऐकतो. तेव्हापासून मी शेजारी उभी राहते. आधी चित्र कोरलमध्ये खऱ्या मापावर मोठं करायचं, १२० बाय ९६ इंच, आणि मग ७२ डीपीआयला काढायचं. ८६४० बाय ६९१२ ठिपके येतात आणि स्टेजवरच्या फ्लेक्सला ते भरपूर झाले. लहान मापावरूनच काढायचं असेल तर ७२ च्या बारा पट, म्हणजे ८६४ डीपीआय सांगावं लागतं.

कोरलमध्ये फाइल उघडली की तिथेही एकदा नुसत्या काड्यांचं चित्र पाहायला सांगा. पारदर्शक रंग वापरले असतील तर ते या प्रवासात हमखास बिघडतात, म्हणून सपाट चित्रात पारदर्शकता वापरूच नका. सावलीला वेगळा भरीव रंग द्यायला सांगितलं ते याचसाठी.

मग नमुना. आख्ख्या फ्लेक्सचा नाही, फक्त आजोबा आणि सुनेचा चेहरा खऱ्या मापात, दीड बाय तीन फुटांचा तुकडा. तो दुकानाबाहेर उजेडात धरून वीस पावलं मागे जा. आमच्या नमुन्यात त्वचा पडद्यापेक्षा लाल आली, तर सहाही रंगांतला लाल थोडा कमी केला. रंग चौदाच असल्यामुळे दहा मिनिटांचं काम: Edit > Select Same > Fill Color नं एका रंगाचे सगळे आकार एकदम निवडले जातात.

माप सांगताना एक बघा. मोठी मशीनं साधारण ३.२ मीटर, म्हणजे साडेदहा फूट रुंद छापतात. आपला १० बाय ८ एकसंध निघतो. बारा बाय बारा मागितलात तर जोड येणारच, मग तो कुठे येणार ते आधी विचारा आणि कुणाच्या नाकावरून जाणार नाही एवढं बघा. स्टेजची चौकट नसेल, दोरीनं बांधायचा असेल, तर चारही कडांना दर दोन फुटांवर आयलेट मारून घ्या.

फ्लेक्स कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घ्या, त्याच सकाळी नको. शाईचा वास जायला आणि ती नीट वाळायला वेळ लागतो. घडी घालून देत असतील तर घेऊ नका. सपाट रंगावर घडीची रेघ फार उठून दिसते, आणि ती नेमकी भिंतीच्या फिकट पिवळ्यावर पडते. छपाई बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळी करा. आमची आठ फुटी गुंडाळी रिक्षात मावली नाही, शेवटी मंडपवाल्याच्या टेम्पोत टाकून नेली.